सिद्धतेसाठी सत्र किती मिनिटांचे?

«गणिताची सिद्धता वाचताना लय लागते न लागते तोच २५ मिनिटांची घंटा वाजते. वेळ वाढवावी का?»

वाढवावी, ५० मिनिटे वाचन आणि १० मिनिटे विश्रांती ठेवून पाहावी, कारण गृहीतके आणि चिन्हे डोक्यात मांडण्यातच सुरुवातीची बरीच मिनिटे जातात आणि २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती अशा फ्रान्चेस्को चिरिलो यांच्या पोमोडोरो पद्धतीतल्या मूळ २५ मिनिटांत प्रत्यक्ष विचाराला फारसा वेळ उरत नाही. मात्र शेवटी शेवटी तीच ओळ तिसऱ्यांदा वाचूनही अर्थ लागत नसेल, तर सत्र ४० मिनिटांवर आणावे. उठण्यापूर्वी पुढची पायरी समासात एका ओळीत लिहून ठेवावी आणि विश्रांतीत मोबाइल उघडू नये (ती विश्रांती कसली!), नाहीतर सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पावत्यांच्या नोंदींसारख्या कामाला २५ आणि ५ हेच प्रमाण बरे, कारण तिथे डोके शिणत नाही, लक्ष उडते.