शब्दचर्चा : अतिवृष्टी, संततधार, झड – मुदतवाढीच्या पत्रात नेमका कोणता शब्द?

हिंदवाडीची
माझे काका बेळगावात बांधकामाची कंत्राटं घेतात. चालू काम मजुरीच्या कराराचं आहे : गवंडी, सेंट्रिंगवाले, मजूर काकांचे, सिमेंट, सळी, वाळू डेव्हलपरनं द्यायची. पहिला स्लॅब 31 जुलैला व्हायचा होता. जुलैभर पाऊस लागून राहिला, त्यात सिमेंट वेळेवर आलं नाही, आणि स्लॅब रखडला. डेव्हलपरही मराठीच, त्यामुळे पत्रव्यवहार मराठीत चालतो. काका बोलले तसं मी लिहून दिलं :

'जुलै महिन्यातील अतिवृष्टीमुळे व सिमेंट उशिरा आल्यामुळे एकूण 28 दिवस वाया गेले. तरी कृपया 28 दिवसांची सवलत मिळावी.'

चार दिवसांत उत्तर आलं : 'अतिवृष्टी झाल्याचे दिसून येत नाही. पुरावा सादर करावा.' मला वाईट वाटलं, कारण पाऊस त्यांनीही पाहिलाय. पण त्यांनी आकडे काढून ठेवले होते. महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस 52 मिलिमीटरचा. मग महिनाभर ज्यानं पाठ सोडली नाही त्या पावसाला म्हणायचं तरी काय? आणि 'सवलत' शब्द बरोबर आहे का?

शब्दपारखी
'अतिवृष्टी' इथं चुकलाच. बोलताना आपण कुठल्याही मोठ्या पावसाला अतिवृष्टी म्हणतो, पण कागदावर त्या शब्दाला माप आहे. पलीकडे चंदगड-कागलात नुकसानभरपाईच्या कागदांत 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. हवामान खात्याचा 'जोरदार' पाऊसही 64.5 पासूनच सुरू होतो. 52 ला अतिवृष्टी म्हटलंत की समोरच्याला तुमचं अख्खं पत्र खोडायला एक आकडा पुरतो.

तुमच्याकडं जे झालं ते संततधार. अतिवृष्टी किती पडला ते सांगते, संततधार किती वेळ पडत राहिला ते. तुमचं गाऱ्हाणं वेळेचं आहे, तर वेळ सांगणारा शब्द घ्या. 'झड' त्याहून नेमका, पण झडीत उघडीप मिळत नाही असं गृहीत असतं. महिन्यात चार दिवस ऊन पडलं असेल तर झड लिहू नका.

मळेकरी
आमच्या वडगावच्या शिवारात भात कुजलं तेव्हा तलाठ्यानं पंचनामा केला, नंतर भरपाई जमा झाली. तुमच्या काकांनीबी पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्याशिवाय कोण ऐकूलालाय?

हिंदवाडीची
दादा, भरपाई नको आहे, फक्त दिवस वाढवून हवेत. सरकारकडं नाही, डेव्हलपरकडं मागतोय.

जुना सुपरवायझर
पंचनामा इथं लागत नाही. जागेवर दोन्ही बाजूंनी सही केलेली पाहणीची नोंद पुरते. पण मळेकऱ्यांकडं एक शब्द असणार जो मला 30 वर्षं साइटवर कमी पडला. पाऊस थांबल्यावर रान कामाला येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला तुम्ही काय म्हणता?

मळेकरी
वापसा. वापसा आल्याशिवाय काळ्या रानात कुळव घालता येत नाही. पाऊस सोमवारी थांबला तर वापसा गुरुवारी, कधी शुक्रवारी.

जुना सुपरवायझर
हाच. ताई, डेव्हलपर पावसाचे दिवस मोजतोय आणि काका थांबलेल्या कामाचे. हे दोन हिशेब कधीच जुळणार नाहीत. आधी फरक करा.

हवामान खात्याच्या मोजमापात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की तो 'पावसाचा दिवस'. पण 3 मिलिमीटरला कुणी काम बंद ठेवत नाही. सळी बांधणं चालू राहतं, आत वीटकाम चालतं. उलट आदल्या रात्री 40 पडला, सकाळी ऊन आहे, पण खड्ड्यात कमरेएवढं पाणी आहे आणि पंप लावलाय, तर तो दिवस पर्जन्यमापकात कोरडा आणि साइटवर बुडालेला. म्हणून पत्रात 'पावसाचे दिवस' नको, 'पावसामुळे काम थांबलेले दिवस' लिहा. आणि 'खाडा' अजिबात लिहू नका. मुकादमाच्या वहीत खाडा म्हणजे मजूर आला नाही. इथं मजूर आले होते, काम नव्हतं.

काकांची रोजची डायरी आहे का?

हिंदवाडीची
आहे. रोज संध्याकाळी मुकादम लिहितात. आत्ता समोर उघडून बसलेय. जुलैच्या 31 दिवसांत पावसाची नोंद 24 दिवसांची आहे, पण पावसानं 'काम बंद' 17 दिवस. एक पान सांगते. 14 जुलै : 'सकाळपासून धार. सेंट्रिंगचे 6, गवंडी 4 हजर. 11 पर्यंत वाट पाहिली, सोडले.' सिमेंटची मागणी 8 जुलैला दिली, 200 पोती, 12 ला यायची होती. 23 ला आली. म्हणजे 11 दिवस उशीर. 17 आणि 11 मिळून 28 लिहिले.

शब्दपारखी
सिमेंट उशिरा आलेल्या 11 दिवसांत पाऊस नव्हता?

हिंदवाडीची
12 ते 22 मध्ये फक्त 16, 17 आणि 20 ला उघडीप होती. बाकी 8 दिवस काम पावसानंही बंदच होतं.

जुना सुपरवायझर
मग 28 होत नाहीत, 20 होतात. ते 8 दिवस तुम्ही दोनदा मोजलेत. एकाच दिवसाला दोन कारणं असली तरी दिवस एकच गेला. डेव्हलपरच्या इंजिनिअरनं हे आधी पकडलं असतं तर तुमच्या खऱ्या दिवसांवरचाही विश्वास गेला असता.

आणि ऐका, तुमचे सगळ्यात भक्कम दिवस ते तीन आहेत. 16, 17 आणि 20. उघडीप, सेंट्रिंग तयार, माणसं हजर, आणि पोतं नाही. बाकी दिवसांवर वाद घालता येईल. या तिघांवर नाही. पत्रात ते तारखेनिशी वेगळे लिहा.

चंदगडकर
माझ्या मते एवढं खोलात जायची गरजच नाही. पाऊस म्हणजे दैवी आपत्ती. दैवी आपत्तीत मुदत आपोआप वाढते आणि सिमेंटची टंचाईही त्यातच येते. एवढं एक वाक्य लिहा.

शब्दपारखी
निम्मं बरोबर. दैवी आपत्ती म्हणजे ज्याचा अंदाज कुणालाच नव्हता असं संकट. बेळगावात जुलैत पाऊस येणार हे करारावर सही करताना दोघांनाही माहीत होतं. आपल्याकडं पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणतात. ज्याला नाव पाडून ठेवलंय त्याला अकल्पित कसं म्हणणार? नेहमीपेक्षा किती जास्त दिवस गेले ते दाखवावं लागतं. आणि मुदत आपोआप वाढत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 63 व्या कलमानं ज्याला काम करून घ्यायचंय तो ती वाढवून देऊ शकतो. म्हणजे मागावी लागते, तीही वेळेत.

सिमेंट तर दैवी नाहीच. ते कुणीतरी आणायचं होतं. म्हणून ताई, तुमच्या मसुद्यातला मला सगळ्यात खटकलेला शब्द 'अतिवृष्टी' नाही, 'उशिरा आल्यामुळे' हा आहे. सिमेंट स्वतःच्या पायानं येत नाही. कंत्राटदारानं स्वतः विकत घ्यायचं सिमेंट उशिरा आलं तर ती बहुतेक करारांत त्याचीच जोखीम. तुमच्याकडं ते डेव्हलपरनं द्यायचं होतं. मग वाक्यात देणारा दिसू द्या : 'आपणाकडून सिमेंट 12 ऐवजी 23 जुलै रोजी मिळाले.' यात आरोपाचा सूर नाही, पण जबाबदारी कुणाची ते कळतं.

'सवलत'ही काढा. सवलत मेहेरबानीनं मिळते. 'मुदतवाढ' लिहा.

निपाणीची
एक शंका. आमच्या इथं ऑफिसात कन्नड कागदांत 'अवधी विस्तरणे' असतं, म्हणून मराठीतही सगळे 'अवधी वाढवून द्यावा' लिहितात. ते चूक का?

शब्दपारखी
चूक म्हणणार नाही. पण मराठी कानाला अवधी म्हणजे मधला काळ, 'थोडा अवधी द्या' यातला. मुदत म्हणजे जिथं तो काळ संपतो ती हद्दसुद्धा. मुदत टळते, अवधी टळत नाही. स्लॅबची तारीख 31 जुलैवरून 20 ऑगस्ट करायची असेल तर हद्द हलते आहे, म्हणून मुदतवाढ. आणि नवी तारीख पत्रात लिहाच. नुसते '20 दिवस' कुठून मोजायचे यावर परत भांडण होतं.

हिंदवाडीची
पुरावा म्हणून काय जोडू? मागणीपत्राची आमच्याकडची प्रत आहे.

जुना सुपरवायझर
त्या प्रतीवर 'पोच' आहे का बघा. मिळाल्याची सही आणि तारीख नसेल तर ती फक्त तुमची प्रत. पोच असेल तर ती मागणी 8 तारखेला त्यांच्या हातात पडल्याचा पुरावा. मग 23 चं चलन, गाडी नंबरासकट. या दोन कागदांच्या मध्ये, 12 पासून मोजले की, 11 दिवस आपोआप उघडे पडतात.

एक पोतंही जपून ठेवा. 50 किलोच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. काय छापलंय?

हिंदवाडीची
मुकादमांना फोन करून विचारलं. 29 वा आठवडा. मागणीपत्रावर पोच आहे, त्यांच्या स्टोअरकीपरची सही, 8 जुलै.

जुना सुपरवायझर
29 वा आठवडा 12 जुलैनंतरचा आहे. म्हणजे 12 ला जे सिमेंट साइटवर पोचायचं होतं, ते तेव्हा कारखान्यात भरलंसुद्धा नव्हतं. पोत्याचा फोटो काढा, छापलेली बाजू आणि चलन एकाच चौकटीत येईल असा. एका पोत्यावरून सगळ्या गाडीचं सिद्ध होत नाही, म्हणून वेगवेगळ्या थरांतली पाच-सहा घ्या.

पावसाच्या आकड्यांत एक खाच आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. 14 च्या दुपारी पडलेला पाऊस 15 च्या तारखेला लिहिला जातो. तुमच्या डायरीत 14, त्यांच्या तक्त्यात 15. हे न सांगता दोन्ही कागद जोडलेत तर डायरी खोटी वाटेल. पत्रात एक ओळ टाका. आणि सांबऱ्याचे आकडे घेऊन खानापूर बाजूच्या साइटचं भांडू नका. कणकुंबीला धो धो आणि बेळगावात भुरभुर असं एकाच दिवशी होतं. राज्याच्या आपत्ती देखरेख केंद्राचे ग्रामपंचायतवार पर्जन्यमापक आहेत, साइटच्या जवळचा घ्या.

चंदगडकर
मान्य. पण करारात पावसाळ्यापोटी काही दिवस आधीच धरले असतील तर?

हिंदवाडीची
धरलेत. जुलैसाठी 10 दिवस. हे मी आत्ता वाचलं.

जुना सुपरवायझर
मग पावसाच्या 17 मधून 10 वजा जाणार. आठ सामाईक दिवसांपैकी वजाबाकी कुठून करायची, यावर मीही साइटवर दोन्ही प्रकार पाहिलेत. पावसापोटीचे 10 दिवस आधी संपले असं धरलं तर शेवटचे दिवस सिमेंटच्या खात्यात जातात. डेव्हलपर उलटं धरेल. माझं मत, 11 दिवस सिमेंटचे म्हणून सलग मागा, कारण पाऊस असो नसो, सिमेंट नव्हतंच. उरलेल्या 9 पावसाच्या दिवसांवर बोलणी करा.

शब्दपारखी
मला हे पटत नाही. त्या 8 दिवशी सिमेंट असतं तरी स्लॅब पडला नसता. तीन दिवस निर्विवाद, आठ वादाचे, असंच लिहावं.

निपाणीची
त्या आठांना मराठीत एक शब्द हवा. 'समकालिक विलंब' पुस्तकी वाटतो.

मळेकरी
जोडखोळंबा म्हणा की.

हिंदवाडीची
काकांना 'जोडखोळंबा' लगेच कळला. नवा मसुदा असा : 'जुलै महिन्यातील संततधार पावसामुळे व आपणाकडून सिमेंट 12 ऐवजी 23 जुलै रोजी मिळाल्यामुळे पहिल्या स्लॅबचे काम 20 दिवस थांबले. पैकी 16, 17 व 20 जुलै रोजी उघडीप असूनही केवळ सिमेंटअभावी काम बंद होते. 8 दिवशी दोन्ही कारणे होती. ते एकदाच मोजले आहेत. करारात पावसापोटी धरलेल्या 10 दिवसांबाबत समक्ष चर्चा करावी. तरी स्लॅबची मुदत 20 ऑगस्टपर्यंत वाढवून मिळावी.' सोबत डायरीची पानं, पोच असलेलं मागणीपत्र, चलन, पोत्यांचे फोटो. उद्या दोन प्रती घेऊन जाते, एकीवर पोच घेईन.