सासूबाईंचा निरोप सुनेसाठी इंग्रजीत उतरवताना : अनुभव धागा

धागाकर्ती (ननंद, सातारा)

माझी वहिनी मूळची स्कॉटलंडची असून दादा आणि ती ग्लासगोला राहतात. तिला मराठीतले नेहमीचे शब्द कळतात, परंतु आईचा अख्खा निरोप वाचण्याइतकी मराठी येत नाही. त्यामुळे आई मला लिहून पाठवते आणि मी तो इंग्रजीत उतरवून वहिनीला देते. या आठवड्याचा निरोप आईला विचारून जसाच्या तसा देत आहे.

“अगं, परवा व्हिडिओवर पाहिलं, किती वाळलीस! खोकला अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जाऊन ये. रात्री हळद घालून दूध घेत जा. मी आपलं सांगते हो, तुला कळतंच सगळं. घरातलं सगळं एकटीने ओढत बसू नकोस, त्यालाही जरा कामाला लाव. डिंकाचे लाडू पाठवलेत, रोज एक खात जा. मला फोन करायला नाही जमलं तरी चालेल, पण वेळेवर जेवत जा. आई.”

वाक्याला वाक्य ठेवून इंग्रजी केले, की वसतिगृहाच्या नियमांचा फलक वाचल्यासारखे वाटते. ज्यांना घरात असे काम करावे लागले आहे, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. लाडूंची कृती मात्र नको. ती आईकडे आहे आणि तिच्यात बदल सुचवण्याची माझी प्राज्ञा नाही.

अनुवादक, पुणे

पहिल्याच वाक्याकडे लक्ष द्यावे लागेल. ‘वाळलीस’ या शब्दात चिंता आधीच भरलेली असते, ती वेगळी सांगावी लागत नाही. इंग्रजीत ‘यू हॅव लॉस्ट वेट’ असे लिहिले, तर ते बहुधा कौतुक समजले जाते. माझ्या नात्यातल्या एका मुलाने आपल्या पत्नीसाठी नेमके असेच भाषांतर केले. तिने आनंदाने आभार मानले आणि ‘वाळलीस म्हटलं तर ही खूश कशी?’ या विचाराने सासूबाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. म्हणून येथे चिंता उघड लिहावी : ‘यू लुक्ड सो थिन ऑन द व्हिडिओ, आय वॉज वरीड.’

‘अंगावर काढणे’ म्हणजे आजार असूनही उपचार न घेता कामे रेटत राहणे. ब्रिटिश इंग्रजीत याच्या बरेच जवळ जाणारे ‘सोल्जर ऑन’ आहे आणि ग्लासगोच्या वाचकाला ते सहज कळेल.

‘घेत जा, खात जा, जेवत जा’ यांतला ‘जा’ दुहेरी काम करतो. तो रोजची सवय सुचवतो आणि ‘घे’, ‘खा’ यांतला हुकूम सौम्यही करतो. इंग्रजी क्रियापदाला असा ‘जा’ जोडता येत नाही, परंतु ‘हॅव’ने सुरू होणारे आज्ञार्थी वाक्य पाहुण्याला आग्रह करतानाही वापरतात. त्यामुळे ‘ड्रिंक मिल्क’पेक्षा ‘हॅव सम वॉर्म मिल्क विथ टर्मरिक अॅट नाइट’ हे आईच्या आवाजाच्या अधिक जवळ जाते. ‘जेवत जा’साठी ‘डू ईट ऑन टाइम’ लिहावे. त्या ‘डू’मध्ये आर्जव असते.

‘मी आपलं सांगते हो’ याचे ‘आय अॅम जस्ट सेइंग’ कधीही करू नये, कारण त्यात टोमणा ऐकू येतो. ‘यू नो ऑल धिस, ऑफ कोर्स, बट लेट मी से इट एनीवे’ असे चालेल. शिवाय त्याची जागा हलवू नये. औषधपाण्याचे सांगून झाल्यावर आणि घरकामाचा नाजूक विषय काढण्यापूर्वी आईंनी ते वाक्य घातले आहे, आणि ते तिथेच हवे.

एक वाचक, बंगळूर

इतक्या बारकाव्यात शिरण्याची गरज आहे का? आम्ही कार्यालयात परदेशी सहकाऱ्यांना रोज लिहितो. प्रत्येक सूचनेआधी ‘प्लीज’ किंवा ‘वुड यू माइंड’ घातले की काम भागते, आणि कोणी दुखावतही नाही.

अनुवादक, पुणे

एखादे ‘प्लीज’ डॉक्टरांच्या वाक्यात शोभेल, तेवढे आपले म्हणणे मान्य. मात्र सगळीकडे ते घातले तर सल्ल्याची विनंती होते, आणि विनंतीला होकार किंवा नकार द्यावा लागतो. सासूबाईंच्या सल्ल्याला उत्तराची अपेक्षा नसते. तो ऐकून सोडून देण्याची मुभा सुनेला असते.

एक काका, नागपूर

खोकल्याला हळद-दुधाने काही जणांना कफ वाढल्यासारखे वाटते, त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा घ्यावा. आमची सूनबाई बंगाली आहे, पण देवनागरी वाचते. त्यामुळे मी स्वतः साध्या मराठीत लिहितो आणि ती मला हिंदीत उत्तर देते. मधल्या माणसाची गरजच काय?

एक सून, ठाणे

मी मल्याळी आहे आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे या निरोपांच्या पलीकडच्या टोकाला होते. सासूबाई सोलापूरहून लांबलचक लिहीत असत आणि माझे पती त्याचे भाषांतर ‘आई काळजी घे म्हणते’ एवढ्यावर उरकत असत. सासूबाई मोजकेच बोलणाऱ्या आहेत, असा माझा समज झाला होता. पुढे नणंदेने जुने निरोप पूर्ण वाचून दाखवले, तेव्हा ‘त्याला भाजी चिरता येते, मी शिकवली आहे, त्याच्याकडून करून घे’ हे वाक्य त्यांत पुन्हापुन्हा येत होते आणि नेमके तेच दर वेळी गळत होते, असे लक्षात आले. ‘लेकी बोले सुने लागे’ हे आपण ऐकलेले असते. येथे बोलणे सुनेशी होते आणि लागायला हवे होते लेकाला. त्यामुळे ‘त्यालाही जरा कामाला लाव’ हे वाक्य सौम्य करू नये, अशी माझी विनंती आहे. सासू आपल्या बाजूची आहे, हे मला त्या एका वाक्यातून जेवढे कळले असते, तेवढे दहा वेळा ‘काळजी घे’ ऐकून कळले नाही.

एक भाचा, कोल्हापूर

मामीसाठी मीही हे काम करतो. ‘फोन करायला नाही जमलं तरी चालेल’ याचा अर्थ ‘फोन कर’ असाच आहे, यात मला शंका नाही. मी सरळ ‘कॉल मी व्हेन यू कॅन’ असे लिहिले असते, कारण परदेशी माणसाला हे आडून बोलणे कळत नाही आणि ती खरोखरच फोन करणार नाही.

एक सून, ठाणे

याला माझा विरोध आहे. तसे स्पष्ट लिहून आले असते, तर मी कर्तव्य म्हणून फोन केला असता, आणि सासूबाईंना ते लगेच कळले असते. त्यांनी मोकळीक दिली आहे, तर ती भाषांतरकाराने काढून घेऊ नये.

धागाकर्ती

फोनच्या वाक्याविषयी आईलाच विचारले. ती म्हणाली, “तसं काही नाही गं,” आणि लगेच ग्लासगोला आत्ता किती वाजले असतील, असे विचारले. बाकी निरोप वरच्या सूचनांप्रमाणे लिहून झाला आहे. ‘कामाला लाव’चे ‘पुट हिम टु वर्क टू’ केले आहे आणि दादाने ते आधी वाचू नये म्हणून निरोप थेट वहिनीच्या फोनवर पाठवणार आहे. शेवटी ‘युवर मदर-इन-लॉ’ न लिहिता ‘आई’ असेच ठेवले आहे, कारण वहिनी तिला त्याच नावाने हाक मारते. फोनसाठी सध्या ‘डोन्ट वरी इफ यू कान्ट मॅनेज अ कॉल’ एवढेच आहे. त्यापुढे ‘दो आय ऑलवेज लव्ह हिअरिंग फ्रॉम यू’ जोडावे का, यावर आणखी कोणाचे मत असेल, तर आज रात्रीपर्यंत लिहावे.

अनुवादक, पुणे

मी जोडले असते. मात्र ते वाक्य आईंचे नसेल, तुमचे असेल. त्यामुळे निरोप पाठवण्यापूर्वी त्यांना एकदा मराठीत वाचून दाखवावे.