एकोणऐंशी की एकोणनव्वद? आणि 'नव्याऐंशी' असा शब्द आहे का?

दांडियाबाजारची आत्या
उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी इथे बडोद्याला गच्चीवर हौजी मांडली होती. माझी भाची आठ वर्षांची, जन्म आणि शाळा स्टुटगार्टची, आई जर्मन. मराठी बोलते चांगली, पण आकडे पन्नासच्या पुढे डळमळतात. आकडे मी पुकारत होते. 'एकोणऐंशी' म्हटलं, तिने खोडलं आणि 'वरची लाइन!' म्हणून ओरडली. तिकीट बघितलं तर शेवटच्या रकान्यातला ८९ खोडलेला. लाइन बाद झाली आणि बाई जिन्यात जाऊन बसल्या.

नंतर विचारलं, ८९ का खोडलास? म्हणाली, 'ऐंशी ऐकू आलं म्हणून शेवटचा रकाना. ८१ तर एक्क्याऐंशी. बाकीचे मला येतात. उरला ८९.' आता यात चूक काय दाखवायची?

त्यात आमच्या सासूबाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. म्हणे, ८९ ला आम्ही लहानपणापासून नव्याऐंशीच म्हणतो, एकोणनव्वद वगैरे शाळेतलं. यजमान म्हणाले, असा शब्दच नाही. तिच्या खोलीत लावायला शंभरपर्यंतचा तक्ता करतेय. ८९ च्या चौकोनात काय लिहू? आणि तिला हे 'एकोण' समजावू कसं?

मांजलपूरकर
तुमचे यजमान बरोबर आहेत. नव्याऐंशी हा शुद्ध गुजराती संसर्ग. भाजीवाला नेव्यासी म्हणतो, तेच घरात शिरलं. तसं एकोण तरी आपलं कुठे आहे? हिंदीच्या उन्नीस-उनतीसवरून आलेलं. आधीच उसनं, वर आणखी उसनं कशाला?

पाढेवाले गुरुजी
मांजलपूरकर, अर्धं बरोबर. एकोण हिंदीतून आलेलं नाही. संस्कृतात ऊन म्हणजे कमी. एक ऊन वीस, म्हणजे एकोनविंशति, त्याचं झालं एकोणीस. हिंदीने एक टाकून दिला आणि नुसतं ऊन ठेवलं, म्हणून उन्नीस. गुजरातीचं ओगणीस एकोणचंच भावंड. तिघं एका घरातली, कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही.

आता ८९. संस्कृतात दोन्ही चालत: नवाशीति, म्हणजे नऊ आणि ऐंशी, किंवा एकोननवति, म्हणजे नव्वदला एक कमी. हिंदीने पहिलं उचललं, नवासी. गुजरातीने तेच, नेव्यासी. मराठीने दुसरं उचललं, एकोणनव्वद. तेव्हा सासूबाईंच्या तोंडी ते शेजारातून आलं असेलही, पण घडण अडाणी नाही. आपल्याच नव्व्याण्णवची घडण तीच आहे, नवनवति. तिथे आपण एकोणशंभर म्हणत नाही. तक्त्यावर मात्र एकोणनव्वदच लिहा. उद्या ती मराठी पुस्तक उघडेल, त्यात तेच असणार.

आजवा रोडची सून
माझंही असंच झालंय! माहेर सोलापूरचं, सासर इथलं. लग्नानंतर दुधाचा हिशोब सासरे तोंडी सांगत, मी वहीत लिहीत असे. एकोणसाठ म्हणाले की मी घाईत एकसष्ट लिहायची. महिन्याच्या शेवटी दोन-दोन रुपयांचे फरक. दूधवाल्याशी भांडण व्हायचं आणि चूक निघायची माझी. मराठी शाळेत शिकलेल्या बाईची ही गत, तर त्या पोरीला काय बोलणार? भाचीला अंकलिपी हवी असेल तर माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत. पोस्टाने स्टुटगार्टला पाठवता येईल का?

दांडियाबाजारची आत्या
ताई, अंकलिपी आहे हो घरात. अडचण पुस्तकाची नाही, कानाची आहे.

तीन मुलांची आई
कानाचीच एक युक्ती सांगते. माझ्या तिघांवर चालली आहे. दशकाचं पूर्ण नाव शेपटीला ऐकू आलं की समजायचं, हा आकडा त्या दशकाच्या आधीचा. बघा: एकोणपन्नासमध्ये पन्नास अख्खं आहे, पण एक्कावन्न, बावन्नमध्ये ते राहत नाही, नुसतं 'वन्न' होतं. एकोणसाठमध्ये साठ अख्खं, एकसष्टमध्ये नाही. एकोणसत्तरमध्ये सत्तर अख्खं, एक्काहत्तरमध्ये त्याचं 'हत्तर' होतं. एकोणनव्वदमध्ये नव्वद अख्खं, एक्क्याण्णवमध्ये 'ण्णव'. म्हणजे ज्याला सगळे अवघड म्हणतात ते एकोणच सगळ्यात सरळ. दशकाचं नाव मोडत नाही.

पाढेवाले गुरुजी
वा, हे मी चाळीस वर्षं शिकवून कधी असं मांडलं नव्हतं. फक्त एक खोट आहे. ऐंशी स्वतः मोडतच नाही. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, पार अठ्ठ्याऐंशीपर्यंत ते अख्खंच राहतं. म्हणजे तुमची युक्ती नेमकी ७९ ला फसते, आणि ती पोर नेमकी ७९ लाच फसली. वीस, तीस, चाळीसलाही तेच. एकतीसमध्ये तीस अख्खं, एकोणतीसमध्येही अख्खं. त्यामुळे एकोणतीस सांगितलं की ३९ लिहिणारी मुलं दर वर्षी दोन-चार सापडायचीच.

तीन मुलांची आई
अरेच्चा. खरंय की. म्हणजे ४९, ५९, ६९ आणि ८९, एवढ्यांनाच लागू. तरी चार सुटले!

हाल्ब द्राय
मी जर्मन शिकवते, म्हणून जरा शिरते मध्ये. तुमच्या भाचीला एकवीस, बावीसचा क्रम अजिबात जड जात नसणार, कारण जर्मनमध्येही एकं आधी, दशक नंतर. पण ७९ ला तिच्या भाषेत नऊ-आणि-सत्तर असतं. ती 'नऊ' ऐकायची वाट बघत बसते आणि मराठीत तो नऊ येतच नाही. सगळे आकडे सत्तरच्या पुढे चालत गेले, शेवटच्याने मात्र तोंड फिरवून ऐंशीकडून मोजलं. तिने काढलेला निष्कर्ष हुशारीचा आहे, रागावू नका तिच्यावर.

आता उपाय तिच्याच घड्याळात आहे. अडीच वाजले की जर्मन लोक 'हाल्ब द्राय' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'अर्धा तीन'. तीन अजून वाजायचेत, तिसऱ्या तासाचा अर्धाच झालाय. आणि स्टुटगार्टच्या बाजूला पावणेतीनला 'द्रायफिअर्टेल द्राय' म्हणतात, तिसऱ्या तासाचे तीन पाव झाले. पुढच्याचं नाव घेऊन आधीचं सांगणं तिला रोज सवयीचं आहे. घड्याळ पावणेतीनवर लावा आणि विचारा, तीनचं नाव घेतलंस, पण तीन वाजले का? नाही म्हणाली की लगेच एकोणतीस विचारा.

पाढेवाले गुरुजी
यात आणखी गंमत आहे. आपलं अडीचही मुळात अर्धतृतीय, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. अगदी तुमचं हाल्ब द्राय. झिजून झिजून आपल्याला ते दिसेनासं झालं, एवढंच. आणि पावणेतीन तर उघडच आहे, तीनला पाव उणा. एकोणतीस म्हणजे त्याच चालीचा पूर्ण आकड्यांतला प्रकार.

आत्याबाई, तक्त्याबद्दल एक सूचना. ओळी १ ते १०, ११ ते २० अशा करा. ० ते ९, १० ते १९ अशा करू नका. हौजीच्या तिकिटात ७९ सत्तरच्या रकान्यात सगळ्यात खाली जातो आणि ८० शेजारच्या रकान्यात, त्यामुळे दोघांची ताटातूट होते. दहाच्या ओळीत एकोणऐंशी ऐंशीला खेटून बसतो. बोट ऐंशीवर ठेवायचं आणि एक घर मागे यायचं. कळलं की नाही हे तपासायला 'एकोणसाठ लिही' म्हणू नका, पाठ असेल तर लिहील. 'एकोणसाठनंतर काय?' असं विचारा. थबकली तर समजा अजून पाठच आहे.

अकोटाकर
एवढा खटाटोप कशाला? २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन दिलंच होतं ना? सत्तर नऊ म्हणा आणि मोकळे व्हा. परदेशी मुलीला तर तेच सोपं.

मांजलपूरकर
झालं! उद्या पन्नास सहा इंच छाती म्हणा. भाषेची हाडं मोडून काय सोपं करायचंय? आमच्या आजोबांनी छडीवर पाढे घेतले, काही बिघडलं नाही.

हाल्ब द्राय
तेव्हा जुनी नावंही पुस्तकात होतीच, नवी शेजारी दिली होती. हे वाचायचं राहूनच गेलं आणि लोक तुटून पडले. पण अकोटाकर, सत्तर नऊने वर्गातली बेरीज सोपी होईल, हौजी नाही सुटणार. पुकारणारी आत्या एकोणऐंशीच म्हणणार.

आजवा रोडची सून
पाढ्यांचं म्हणाल तर मला एकोणीस चोक शहात्तर आजही झोपेत येतं. पण शाळेत कोणी अचानक 'शहात्तर लिही' म्हटलं की मी आधी ६७ लिहायची, मग ७६. तोंडाला माहीत, हाताला नाही.

मांजलपूरकर
शहात्तर हा तरी काय शब्द आहे? सहाहत्तर असायला हवं. आणि इथे सगळे एकसष्ट लिहिताहेत, मी एकसष्ठ शिकलो. ठ!

पाढेवाले गुरुजी
षष्टिमध्ये ट आहे, म्हणून मी ट लिहितो. साठमध्ये ठ आहे, म्हणून लोक ठ लिहितात. दोन्ही छापलेलं दिसतं.

मांजलपूरकर
दोन्ही कसं बरोबर असेल गुरुजी? एक काहीतरी ठरवा.

दांडियाबाजारची आत्या
गुरुजी, दहाच्या ओळींचा तक्ता केला. काल घड्याळाचा प्रयोगही केला. पावणेतीन, एकोणतीस, मग एकोणऐंशी. एकोणऐंशीनंतर काय विचारलं तर क्षणभर बोट हवेत ठेवलं आणि 'ऐंशी' म्हणाली. मग मला विचारलं, 'मग ९९ ला एकोणशंभर का नाही?' मी गप्प. वर गुरुजींनी लिहिलंय ते तिला कसं सांगू? 'संस्कृतात तसंच होतं' म्हटलं तर 'का' विचारेल.

८९ च्या चौकोनात मी शाईने एकोणनव्वद लिहिलं. सकाळी बघते तर खाली सासूबाईंनी पेन्सिलने बारीक अक्षरात नव्याऐंशी लिहून ठेवलेलं.

मांजलपूरकर
पेन्सिलनेच ना? मग खोडा.

तीन मुलांची आई
सासूबाईंच्या समोर तुम्ही खोडून दाखवा.

आजवा रोडची सून
आत्या, अंकलिपीचं काय ठरलं? नाहीतर माझ्या पुतण्याला देऊन टाकते.