मदत हवी आहे : क्यू बदलून मिळण्यासाठी वरिष्ठांना पत्र

नमस्कार. मी एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर गेले ९ महिने केवळ पासवर्ड रीसेट आणि अकाउंट अनलॉकची तिकिटे हाताळत आहे. ओळख पडताळायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि तिकीट बंद करायचे, एवढेच काम दिवसाला ६० वेळा होते. व्हीपीएनची तक्रार आली, की कारण समजत असूनही ती पुढे पाठवावी लागते, याचे फार वाईट वाटते.

अशा तक्रारी जिथे सोडवल्या जातात, तो नेटवर्क क्यू मागणाऱ्या पत्रात मी लिहिले आहे : "गेल्या महिन्यात पुढे पाठवलेल्या १४ तिकिटांपैकी ११ तिकिटांत मी नोंदवलेले कारणच अखेरीस बरोबर ठरले. माझ्या जागी येणाऱ्यास दोन आठवडे शिकवण्याची माझी तयारी आहे."

कंटाळ्याचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. पूर्ण बदलीऐवजी आधी आठवड्यातून दोन दिवस नेटवर्क क्यूवर काम मागणे योग्य ठरेल का?