मदत हवी आहे: टीपीएला पाठवायचा मेल कसा लिहू?

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा रिइम्बर्समेंट क्लेम टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, अडकलाय. मूळ फाइल १२ मार्चला दिली, पोच शिक्का आहे. इम्प्लांटचं स्टिकर आणि बिल मागितलं, ते २ एप्रिलला दिलं. आता पुन्हा डिस्चार्ज समरी मागतायत, जी पहिल्याच फाइलमध्ये होती! मला भीती ही की नव्याने दिली तर 'शेवटचं कागदपत्र आत्ता मिळालं' म्हणतील, आणि मुदत व उशिराचं व्याज तिथूनच मोजतील.

म्हणून असं लिहिलंय:

"डिस्चार्ज समरी, अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तपासण्यांचे रिपोर्ट १२ मार्चला जमा केले आहेत, इम्प्लांटचं स्टिकर व बिल २ एप्रिलला. पोच जोडली आहे. सोबतची समरी ही आधी दिलेल्याचीच प्रत आहे, नवीन कागदपत्र नाही. आणखी काही हवं असल्यास सगळं एकदाच लेखी कळवावं, अन्यथा निर्णयाची तारीख द्यावी."

विषयात क्लेम नंबर, पॉलिसी नंबर टाकलाय. मंजुरी शेवटी विमा कंपनीच देते, तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला आत्ताच सीसी करू, की उत्तराची वाट पाहून मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' तक्रार पोर्टलवर जाऊ? मसुद्यात काही राहिलंय का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, आईची बचत यात अडकली आहे.