‘साभार’, ‘सौजन्य’ आणि ‘परवानगी’ : टाकांच्या फोटोंसाठी पत्र लिहिताना

माळवद
खंडोबाच्या टाकांवर एका सहामाही संशोधनपत्रिकेसाठी लेख लिहिते आहे. चार फोटो हवे आहेत. दोन एका वस्तुसंग्रहालयातल्या टाकांचे, त्यांच्याच छायाचित्रकाराने काढलेले. उरलेले दोन साताऱ्याकडच्या एका छायाचित्रकारांनी काढलेत. त्यातला एक जत्रेतला आणि एक कुणाच्या तरी घरच्या देव्हाऱ्यातला. पत्रं मराठीतच पाठवायची आहेत आणि मी पहिल्याच वाक्याला अडले आहे. मसुदा असा :

“आपण काढलेल्या छायाचित्राचे आमच्या नियतकालिकात पुनरुत्पादन करण्यास अनुमती मिळावी, ही विनंती. लेखात ‘साभार’ असा उल्लेख केला जाईल.”

‘पुनरुत्पादन’ म्हटलं की मला नववीचं जीवशास्त्र आठवतं. ‘पुनर्मुद्रण’ म्हणावं, तर देव्हाऱ्याचा फोटो आजवर कुठेच छापलेला नाही. शिवाय परवानगी, अनुमती, संमती, अनुज्ञा यांतलं मी नेमकं काय मागते आहे?

शब्दपाटी
‘पुनर्मुद्रण’ एकदा छापलेलं पुन्हा छापायचं असेल तरच, हे तुमचं बरोबर आहे. बाकीचे चारही शब्द एकाच अर्थाचे आहेत, कानाला बरा वाटेल तो घ्या. मी ‘अनुमती’ घेईन, ‘परवानगी’ला कचेरीचा वास येतो. आणि एवढी काळजी कशाला? दीडशे वर्षांपूर्वी कुणा सोनाराने ठोकलेल्या टाकावर आज कुणाचा हक्क असणार? संग्रहालयाला कळवा, खाली ‘साभार’ लिहा, झालं.

उंबरठा
संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात काम करत होतो तेव्हा अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची, म्हणून सविस्तर लिहितो.

शब्दपाटी, तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे. जुन्या टाकाच्या घडणीवर कॉपीराइट उरलेला नसतो. पण माळवद टाक छापणार नाहीत, टाकाचा फोटो छापणार आहेत, आणि तो फोटो कुणीतरी वेगळ्या काळात काढलेला आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटो काढणारा ज्या वर्षी वारला, त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. १९७० च्या एखाद्या स्मरणिकेत आलेला फोटो, काढणारा २००० साली वारला असेल तर, २०६० साल सरेपर्यंत मोकळा होत नाही. देव तीनशे वर्षांचा असला तरी हिशेब फोटो काढणाऱ्याच्या आयुष्यावरून होतो.

म्हणूनच पत्रात ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द आला की मी थबकायचो. “सदर टाकाचे स्वामित्वहक्क आपणाकडे असल्याने…” असं लोक लिहितात. टाकाचं स्वामित्व संग्रहालयाचं किंवा त्या घराचं. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो नोकरीत असताना काढला असेल तर साधारणपणे संस्थेचा. कुणी पैसे मोजून आपल्यासाठी काढून घेतला असेल आणि काही वेगळं ठरलेलं नसेल, तर बहुधा काढून घेणाऱ्याचा. एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या की पत्र चुकीच्या माणसाकडे जातं. मी सरळ ‘कॉपीराइट’ लिहितो. ‘प्रताधिकार’ही चालेल, पण टाकाच्या मालकाला तो वाचून काही कळेल असं वाटत नाही.

आता ‘साभार’. साभार म्हणजे आभारांसह, एवढंच. संपादक लेख नाकारतात तोही ‘साभार परत’ येतो! आभार मानल्याने परवानगी मिळत नाही, आणि परवानगी मिळाली की ‘साभार’ लिहायची गरज राहत नाही. नाव लिहायचं असतं.

ठसा
आमचा पिढीजात चांदीचा धंदा, टाक करून देतो. तुम्हाला देवळात फोटो काढायची परवानगी हवी असेल तर आधी पुजाऱ्यांना भेटा, गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी मनाई असते. पत्राने काम होत नाही, समक्ष जावं लागतं.

माळवद
ठसा, फोटो काढलेले आहेत. प्रश्न छापण्याचा आहे. पण तुम्ही टाक घडवता हे वाचून बरं वाटलं, लेखासाठी पुढे बोलायला आवडेल.

उंबरठा, ‘पुनरुत्पादन’ काढलं. ‘वापरण्यास परवानगी’ लिहू का? ते साधं वाटतं.

उंबरठा
‘वापर’ मात्र कृपा करून लिहू नका. या एका शब्दाने आमचे हात पोळले आहेत. एका पत्रात “लेखासाठी वापरण्यास” अशी मागणी होती आणि आम्ही त्यावरच सही केली. लेख छान आला. दोन वर्षांनी तोच फोटो एका दिनदर्शिकेवर दिसला. देवीचा मुखवटा कपाळापासून कापलेला, आणि डाव्या गालावर तारखांचा चौकोन. विचारलं तर उत्तर आलं, “आम्हाला वापराची परवानगी होती.” ‘लेखासाठी’ हा शब्द त्यांच्या लेखी पुसून गेला, ‘वापर’ तेवढा उरला.

‘छापणे’ लिहा. छापणे म्हटलं की कुठे, किती, केवढं हे प्रश्न आपोआप येतात आणि पत्रात त्यांचीच उत्तरं हवीत. मुखपृष्ठ ‘छापण्या’त धरू नका, ते वेगळं मागायचं. आणि देवाच्या फोटोत काटछाट करणार नाही, वर अक्षरं टाकणार नाही, हे आपणहून लिहिलंत तर समोरच्याच्या मनातली निम्मी शंका जाते.

खारीकबदाम
मी न्यू जर्सीत असतो. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ पासून पब्लिक डोमेनमधल्या वस्तूंचे आपले फोटो `CC0` खाली खुले केले आहेत. तिथल्या भारतीय मूर्तींचे फोटो मी दोनदा छापले, पत्र लिहावंच लागलं नाही. मग तुम्ही एवढा खटाटोप का करताय?

उंबरठा
मेटच्या बाबतीत बरोबर. पण ते त्यांच्या त्या त्या फोटोपुरतं, आणि वस्तूच्या पानावर तशी खूण असेल तरच. ब्रिटिश म्युझियमचे संकेतस्थळावरचे फोटो सहसा `CC BY-NC-SA 4.0` खाली असतात, म्हणजे व्यापारी कामाला नाही. दर संग्रहालयाचं पान उघडून बघायचं. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी पत्र आणि अर्ज लागतोच.

माळवद
संपादकांशी बोलले. अंक ३०० प्रती छापतात, पण त्याची पीडीएफ संकेतस्थळावर कायमची राहते. म्हणजे ‘छापण्यास’ एवढंही पुरत नाही. शिवाय इंग्रजी नमुन्यात एक शब्द होता, त्याचं ‘अनन्य नसलेला हक्क’ असं मराठी मी केलं. वाचायला फार विचित्र वाटतं.

शब्दपाटी
‘अनन्य’ इथे नकोच. आपल्याकडे माणूस देवाला अनन्यभावे शरण जातो. खंडोबाच्याच पत्रात “अनन्य नाही” वाचून छायाचित्रकार बुचकळ्यात पडतील. “हा फोटो आपण इतर कुणालाही देऊ शकता” असं लिहा, अर्थ तोच. ‘अनुमती’चा माझा आग्रहही मी सोडतो. ‘परवानगी’त परवाना आहे, परवाना म्हणजे लेखी हुकूम. तुम्हाला कागदच हवा आहे, तेव्हा शब्दही तोच असू द्या. अनुमती तोंडीसुद्धा मिळते.

माळवद
हे फार उपयोगी पडलं, कारण नेमकं तेच झालं. छायाचित्रकारांना फोनवर विचारलं तर लगेच निरोप आला, “वापरा ताई, काही हरकत नाही.” संपादक म्हणाले, हे पुरत नाही. ‘हरकत नाही’ म्हणजे ते अडवणार नाहीत. काय दिलं, कशासाठी दिलं, ते त्यात कुठेच नाही. म्हणून आता त्यांना हे पत्र पाठवते आहे :

“सप्रेम नमस्कार. खंडोबाच्या टाकांवरील माझ्या लेखात, आपण काढलेली सोबत जोडलेली दोन छायाचित्रे छापण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. अंक सहामाही असून सुमारे ३०० प्रती निघतात. त्याच अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर राहील. छायाचित्रे आतील पानांवर, रंगीत, १२ सेंटिमीटर रुंदीची असतील. मुखपृष्ठावर किंवा अन्यत्र छापायची झाल्यास पुन्हा विचारू. छायाचित्रांत काटछाट करणार नाही, त्यांवर अक्षरे टाकणार नाही. आपण ती इतर कुणालाही देऊ शकता. छायाचित्राखाली आपले नाव कसे छापावे ते कळवावे. मानधन अपेक्षित असल्यास तेही कळवावे. मान्य असल्यास खाली सही करून एक प्रत परत पाठवावी.”

उंबरठा
उत्तम. फाइलचं तेवढं जोडा. १२ सेंटिमीटरला ३०० डीपीआय म्हणजे रुंदीत साधारण १४०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला घेऊ नका, तो दाबलेला असतो. टाकाच्या उठावातली घोड्याची आयाळ, म्हाळसेची नथ आधी जाते आणि चांदीचा नुसता चकाकता डाग उरतो. मूळ फाइल ईमेलने मागा.

संग्रहालयाच्या पत्रात यात दाखल क्रमांक घाला. “खंडोबाचा चांदीचा टाक” एवढ्याने काही होत नाही, तसे ट्रेभर टाक असतात. आणि ओळ अशी छापा : “छायाचित्र : अमुक. सौजन्य : तमुक संग्रहालय, दाखल क्रमांक इतका.” सौजन्य म्हणजे ज्यांच्या चांगुलपणामुळे मिळालं ते. काढणाऱ्याचं नाव ‘सौजन्य’त बुडवू नका. तो चांगुलपणा नव्हता, त्याचं काम होतं. तासभर उजेड फिरवत बसल्याशिवाय चांदीचा फोटो निघत नाही.

ठसा
आधी मी प्रश्न चुकीचा वाचला. आता एक सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी एक घर झिजलेले टाक नवे करायला घेऊन आलं. जुन्यांचा फोटो मी मोबाइलवर काढला आणि नमुना म्हणून दुकानाच्या पानावर टाकला. आठवड्याने थोरले भाऊ आले. रागावले नाहीत, शांत बसले. म्हणाले, “यातला एक आमच्या वीराचा आहे, आमच्याच पूर्वजाचा. होळीला आम्ही त्याला बाहेर काढतो. तो परक्याच्या फोनवर फिरताना बघवत नाही.” मी लगेच काढून टाकला. फोटो माझा, मोबाइल माझा, तरी हक्क माझा होता असं मला आजही वाटत नाही.

तुमच्या देव्हाऱ्यातल्या फोटोत कोणकोणते टाक आहेत ते नीट बघा.

माळवद
ठसा, मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात घोडा नसलेला एक टाक आहे. हातात तलवार, शेजारी स्त्री नाही, कुत्रं नाही. मी इतके दिवस खंडोबाच समजत होते.

म्हणजे छायाचित्रकारांची परवानगी वेगळी आणि त्या घराची संमती वेगळी. मघाशी विचारलेल्या चार शब्दांतला हा फरक मला आत्ता कळला. घराला पाठवायच्या पत्रात ‘कलाकृती’ किंवा ‘वस्तू’ न लिहिता ‘आपले देव’ असंच लिहिणार आहे.

शब्दपाटी
आणि संमती कुणाची? टाक थोरल्याकडे असले तरी वीर सगळ्या भावकीचा असतो.

उंबरठा
कायद्याच्या कागदावर फोटो काढणाऱ्याची सही पुरेशी आहे. पण संग्रहालयात असतानाही याचं उत्तर मला मिळालं नाही. आमच्याकडे आलेल्या टाकांमागे कुठलं घर आहे, हे दाखल वहीत बहुधा लिहिलेलंच नसायचं.

माळवद
उद्या त्या घराला फोन करते. ते नको म्हणाले तर तो कोपरा कापून छापू का? पण छायाचित्रकारांना तर काटछाट करणार नाही असं लिहून बसले आहे. त्यांचं पत्र अजून टपालात टाकलेलं नाही, तूर्त ते थांबवते.