प्रतिसाद: अ‍ॅन्युइटीचे 8 टक्के

>> "वडील रिटायर झाले, अ‍ॅन्युइटीवाला 8 टक्के आयुष्यभर देतोय, एफडीपेक्षा जास्त आहे ना?"

अ‍ॅन्युइटी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर पेन्शन घेणं, ते 8 टक्के व्याज नाहीये हो, इथेच सगळे फसतात. समजा 60व्या वर्षी 10 लाख भरले आणि वर्षाला 80 हजार पेन्शन, मृत्यूनंतर काही परत नाही असा ऑप्शन घेतला, तर पहिली साडेबारा वर्षं तुमचेच 10 लाख हप्त्याने परत येतायत असं धरा. वडील 60 नंतर 20 वर्षं जगले तर खरा परतावा जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास बसतो, 30 वर्षं जगले तर मात्र मस्त फायदा, कारण लवकर गेलेल्यांचे पैसे जास्त जगणाऱ्यांना मिळतात, धंदाच तो आहे.

मूळ रक्कम वारसांना परत हवी असेल तर तीच पेन्शन समजा 65 हजारावर येते. म्हणजे दरवर्षी 15 हजार सोडायचे, मुलांना 10 लाख मिळावेत म्हणून. आईला पुढे पेन्शन हवी असेल तर जॉइंट लाइफ घ्या, ते नंतर जोडता येत नाही.

आणि भरले त्या दिवशीचा दर कायमचा लॉक. पुढे बाजारात दर वाढले तरी तुमचे 80 हजार 80 हजारच, आणि महागाई 5 टक्के धरली तर 14 वर्षांत त्याची किंमत निम्मी. म्हणून मी असतो तर सगळे एकदम भरले नसते, तीन-चार वर्षांत तुकड्याने घेतली असती, वय वाढतं तसा दरही सहसा जरा वर जातो.